वरून हलका तडका

माह्या बुढ्याले माह्या पोरानं अन् सुनेनं उपाशी मारलं असतं, अन् तेही मायेनं. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते, त्या दोघांच्याही तोंडावर सांगितलं आहे. पोरगा अकोल्यात वकील आहे म्हणून काई मी त्याले भेत नाई. तो पाटी थुंकीनं पुसत होता तवापासून मी त्याले ओळखते.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगाची म्हटली तर घेणंच आलं. नत्थुजी. आमी वलगावचे. काळी जमीन, दोन बैलजोड्या, अन् आमच्या बुढ्याची जीभ अशी तिखट की शेजारच्या वावरातला माणूस बांधावरून पाय काढून घेई. पण एक गोष्ट त्याहीची मले लय आवडे. संध्याकाळी वावरातून आले की आधी कोठ्यात बैल बांधत. बैलाच्या घंटा ऐकू आल्या की मी इकडं चुलीवर कढई ठेवी. फोडणी चर्र वाजली की कोठ्यातूनच आवाज येई, "आलो वं! पाट मांड!" चाळीस वर्षं हे असंच चाललं. मले कधी 'बरी आहेस का' म्हणून इचारलं नाई त्या माणसानं. पण 'पाट मांड' म्हटलं नाई असा एक दिवस गेला नाई.

सन छत्तीसच्या भादव्यात त्याहीले मुदतीचा ताप भरला. सहदेव, म्हणजे आमचा वकील, मोटार घेऊन आला अन् बापाले उचलून बडनेऱ्याले नेलं, तिथून रेल्वेनं अकोल्याले. मी गाठोडं घेऊन मागं मागं. बाविसाव्या दिवशी ताप उतरला. मी देवापुढं साखर ठेवली. पण बाप्पा, तो ताप एकटा गेला नाई, जाताना भूक घेऊन गेला.

ताप उतरल्यावर पंधरा दिवस झाले तरी बुढा खाटेवर तसाच. गाल आत गेलेले, हाताची कातडी लोंबलेली. पेजेचा चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटून मान भिंतीकडं. मी म्हणे, "अवं, दोन घास तं घ्या." ते म्हणत, "कायले? मातीले चव राह्यते, याले तीही नाई." अन् डोळे मिटून घेत.

डॉक्टर पंजाबकडचे होते. उंच, धिप्पाड, बोलणं सारं हिंदी. रोग्यानं काय खावं याचा कागद त्याहीनं आपल्या कंपाउंडरकडून, पुंजारामकडून, लिहून धाडला होता. तो सुनेनं स्वयंपाकघराच्या दाराले टाचणीनं लावला. मले वाचता येत नाई, म्हणून चारुशीलानं वाचून दाखवला. चारुशीला म्हणजे माही सून, पुण्याले शिकलेली. कागदावर लिहिलं होतं: मूंग की पतली दाल, नरम चावल, ऊपर से जीरा-हींग का हल्का तड़का. मिर्च मना. तला हुआ सब मना.

"तडका म्हणजे काय वं?" मी इचारलं.

"उत्तरेकडचे लोक तेलात मसाला तळून घालतात, ते असावं," चारुशीला म्हणाली.

मी गप बसली. गप काहून बसली ते सांगते, कारण चूक माहीही होती. अकोल्याले आली त्याच दिवशी, बुढ्याले ताप असताना, मी आपली नेहमीसारखी लाल मिरचीची फोडणी दिली. घरभर ठसका उठला, बुढा खोकून खोकून निळा झाला. तवापासून सहदेवानं मले स्वयंपाकघर बंद केलं अन् रोग्याच्या खोलीचं तिकडलं दारही बंद केलं. "माय, तू फक्त बाबांजवळ बस," म्हणे. आता ज्या बाईनं मिरची घातली, तिनं दाळीबद्दल काय तोंड उघडावं?

सून वाईट नाई हं, हे आधीच सांगून ठेवते. जीव लावून सारं करी. पाणी उकळून गार करी, भांडी कढत पाण्यानं धुई, तांदूळ तराजूनं तोलून घेई. स्वयंपाकघराच्या फळीवर घड्याळ होतं. दूध किती मिनिटं, भात किती मिनिटं, सारं त्या घड्याळावर. मले त्या घड्याळाची टिकटिक ऐकली की अंगाचा तिळपापड होई, पण तिच्या हाताले मी नावं ठेवणार नाई.

तर तिनं तडका केला. मी दाराच्या फटीतून पाहून राहिली होती. स्टोववर कढई ठेवली. पळीभर नाई, चांगलं वाटीभर तूप ओतलं. तूप अजून पातळही झालं नव्हतं तर त्यात जिरं अन् हिंग दोन्ही टाकले, अन् घड्याळाकडं पाहून उभी राहिली. तळाचं म्हणजे पाच मिनिटं तरी तळलं पाह्यजे, असा तिचा हिशेब. दुसऱ्या मिनिटाले जिरं लाल झालं. तिसऱ्याले काळं. हिंग तर जळून कोळसाच झाला. मी फटीतून म्हटलं, "अवं बाई, उतरव!" तिले स्टोवच्या आवाजात ऐकू गेलं नाई. पाचव्या मिनिटाले ते सारं दाळीवर ओतलं. दाळीवर बोटभर तूप तरंगे अन् त्यात काळे कण.

बुढ्यानं एक चमचा तोंडात घेतला. सारं बाहेर. वरून सकाळचं दूधही गेलं. चारुशीला कोपऱ्यात तोंडाले पदर लावून रडली.

सहदेव कचेरीतून आला, त्यानं सारं ऐकलं, अन् दौत-टाक घेऊन त्या कागदापुढं उभा राह्यला. "हे पाहा," तो बायकोले म्हणाला, "कागद स्वतःच्याच विरुद्ध बोलून राहिला आहे. एकीकडं तळलेलं मना, अन् दुसरीकडं तडका. तडका म्हणजे तळणच. आता जिथं परवानगी अन् मनाई दोन्ही असतील अन् शंका असेल, तिथं मनाई धराची. कायद्याचा साधा नियम आहे." अन् त्यानं लाल शाईनं 'तडका' या शब्दावर काट मारली.

मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! बापाच्या ताटावरही अपील-सुनावणी!

पुढचे दिवस नुसतं मुगाचं पाणी अन् मऊ भात. तेलाचा थेंब नाई, वास नाई, चव नाई. डॉक्टर आले, नाडी पाह्यली, पोट दाबून पाह्यलं, अन् जाताना ओसरीवर सहदेवाले म्हणाले, "बुखार गया वकीलसाहब, अब खाना ही दवा है. आठ-दस दिन और ऐसे ही चला, तो मैं कुछ नहीं कर सकूँगा." मले हिंदी बोलता येत नाई, पण समजते. मी खांबाले धरून उभी होती. तडक्याचं सहदेवानं इचारलंच नाई, त्याच्या लेखी काट मारली म्हणजे निकाल लागला.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सकाळी बुढ्यानं मले जवळ बोलावलं. "मले वलगावले ने," म्हणाले, "जे होईल ते तिथं होऊ दे." मी म्हटलं, "काई होत नाई तुमाले, चूप बसा." अन् बाहेर येऊन पदर खोचला. असं बोलणारा तो माणूसच नव्हता. भांडणारा माणूस होता. भांडणं सोडलं म्हणजे गेलाच की.

सहदेव कोर्टात गेलता, सून न्हाणीत होती. मी सरळ डॉक्टराच्या घरी गेली. दोन गल्ल्या सोडून बंगला होता. दारात पुंजाराम भेटला. म्हणे, "डॉक्टरसाहेब मूर्तिजापूरले गेले, परवा येतील." मी तिथंच पायरीवर बसली अन् रडली. लाज कसली? आतून एक म्हातारी आली, सलवार घातलेली, डोक्यावर पांढरी ओढणी. डॉक्टराची माय. तिनं माह्या खांद्यावर हात ठेवला अन् मले आत स्वयंपाकघरापाशी नेऊन बसवलं. मी माह्या मराठीत सांगितलं, तिनं तिच्या हिंदीत ऐकलं. नवरा, ताप, जेवत नाई, एवढं समजाले भाषा लागत नाई.

म्हातारीची दाळ चुलीवर शिजून तयार होती. ती बोलता बोलता उठली, लहानशी लोखंडी पळी घेतली, त्यात दोन चमचे तूप टाकलं अन् निखाऱ्यावर धरली. तूप तापलं. तिनं जिऱ्याचा एकच दाणा टाकला. दाणा तळाशी बसला नाई, बुडबुडे घेऊन वर आला. मग तिनं चिमूटभर जिरं टाकलं, मागोमाग हिंग, अन् पळी निखाऱ्यावरून उचलून थेट दाळीत बुडवली.

चर्र!

अन् झाकण मारलं. वास मात्र सुटायचा तो सुटलाच.

"यह क्या?" मी इचारलं. एवढी हिंदी मले येते.

"तड़का," ती म्हणाली.

"हा तडका?" मी उठूनच उभी राहिली. "माय माय माय! अवं, ही तं फोडणी आहे!"

म्हातारी हसून राहिली, तिले काई कळलं नाई. फरक एवढाच की आमी आधी फोडणी करून त्यात दाळ ओततो, अन् ती शिजल्या दाळीवर फोडणी ओतते. बाकी कूळ एकच. चाळीस वर्षं मी जे दररोज केलं, ते कागदावर लिहिलेलं होतं, अन् मी त्याच कागदाखाली पंधरा दिवस हात बांधून बसली होती! मले स्वतःचाच असा राग आला की विचारू नका.

मी म्हातारीच्या पायाले हात लावला अन् निघाली. घरी पोचता पोचता दुपार झाली. त्या दिवशी शनिवार, कोर्ट अर्धाच दिवस, सहदेव येऊन बसला होता. मी चपला काढल्या नाईत तर बोलाले सुरुवात केली.

"तडका म्हणजे फोडणी! तळण नाई! मी माह्या डोळ्यानं पाहून आली, डॉक्टराच्या मायच्या हातानं!"

सहदेवानं चष्मा काढला. "माय, डॉक्टर होते का घरी?"

"नाई."

"मग हे कोणी सांगितलं?"

"पळीनं सांगितलं."

"माय, असं चालत नाई. डॉक्टर परवा येतील, त्यांना विचारू. फोडणी काय अन् तळण काय, दोन्ही तापलेल्या तेलातच ना? बाबांना एकदा उलटी झाली आहे. आतडं नाजूक आहे. मी धोका घेणार नाही." बापावर जीव होता त्याचा, म्हणून तर तो असा अडून बसला होता. हे मले तवाही कळत होतं, पण राग काई कमी झाला नाई.

"परवापर्यंत तुह्या बापानं काय करावं? सकाळी मले वलगावले ने म्हणाले. काहून म्हणाले ते सांगू का तुले?"

तो धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसाले लागला.

चारुशीला दारात उभी होती. तिनं हळूच इचारलं, "आई, फोडणी आणि तळणं यात नेमका काय फरक, ते मला करून दाखवाल? मी तर तेच केलं होतं ना, तुपात जिरं?"

हे बोलणं मले आवडलं. शिकलेली बाई 'मले येत नाई, दाखवा' म्हणते, हे काई लहान काम नाई. मी म्हटलं, "दाखवते. तुह्या तराजूसकट दाखवते. वकीलसाहेब, तुमीही या. साक्षीपुरावा पाहा."

मी दोन चुली मांडून घेतल्या. एक स्टोव, एक कोळशाची शेगडी. स्टोववर मोठी कढई, तिच्यात अर्धा शेर तिळाचं तेल. चारुशीलानं ते आधी तोलून घेतलं. बटाट्याचे काप बेसनात बुडवून एकेक भजं सोडलं. "आता घड्याळ पाहा," मी म्हटलं. भजं वर आलं, उलटलं, आतला बटाटा शिजला, वरून लाल झालं, मग झाऱ्यानं काढलं. "किती वेळ गेला?"

"चार मिनिटांवर," सून म्हणाली.

"बटाटा कच्चा का शिजला?"

"शिजला."

"तेल कुठं आहे?"

तिनं कढईकडं पाह्यलं. "इथंच. थोडं भज्यानं प्यायलं, बाकी इथंच."

"हे तळण. तेल भरपूर, जिन्नस त्यात पोहते अन् शिजते. जिन्नस शिजवणं हेच तेलाचं काम. शिजला की जिन्नस आपण बाहेर काढतो, तेल मागं राह्यते. ताटात भजं जाते."

सहदेव भजं खात खात ऐकून राहिला होता. त्याले भजे लहानपणापासून आवडतात, म्हणून मी भजेच काढले. साक्षीदाराले आधी पोटभर करावं.

मग शेगडीवर लहान कढली ठेवली, मूठभर रुंद. "आता चमच्यानं तेल मोज." चारुशीलानं दोन लहान चमचे तेल घातलं. सबंध दाळीच्या भांड्याले तेवढंच. मी एक जिऱ्याचा दाणा टाकला. तळाशी बसून राह्यला. "पाह्यलं? तेल थंड आहे. आता जिरं टाकलं तर ते नुसतं तेल पीत बसते, वास देत नाई. तू तूप पातळ व्हायच्या आधीच टाकलं होतं." थोडं थांबून दुसरा दाणा टाकला. तो बुडबुडे घेऊन वर आला. "आता. अन् टाकता टाकताच काळा पडला असता, तर तेल जास्त तापलं, कढली खाली उतरवून जरा निववाची."

"मोहरी असती तर?" ती म्हणाली.

"मोहरी असती तर तीच पहिली. तिची साल टणक, ती तडतडाले तेल चांगलं कडक पाह्यजे. न तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरं, मग हिंग, हळद सर्वात शेवटी, कारण भुकटी क्षणात जळते. आज रोग्याले नुसतं जिरं अन् हिंग. मिरची नाई." मिरची नाई हे मी जरा मोठ्यानंच म्हटलं, पोराले ऐकू जावं म्हणून.

"आणि किती मिनिटं?"

"मिनिटं?" मी कपाळाले हात लावला. "अवं, मिनिटंच नाईत यात! जिरं फुललं, वास आला, की झालं. मनात दहा मोजशील तर आठावर हात उचलला पाह्यजे. फोडणीत जिरं शिजवाचं नसते. जिऱ्यात जो वास आहे तो तेलाले देऊन टाकाचा असते. अन् ते तेल मागं नाई ठेवाचं, सारंच्या सारं दाळीत. दोन चमचे तेल भांडंभर दाळीले वास देते. तळणात तेल जिन्नसाले शिजवते, फोडणीत तेल मसाल्याचा निरोप घेऊन जाते. तू बाई, फोडणीचं तळण केलं होतं. तूप वाटीभर, वेळ भज्याचा, अन् जीव बिचाऱ्या जिऱ्याचा!"

चारुशीला हसली अन् लगेच डोळेही पुसले. मग तिनं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाई. ती दारापाशी गेली, टाचणी काढली, अन् तो कागद नवऱ्याच्या हातात दिला.

"दोन चमचे तेल आहे," ती म्हणाली. "मी मोजलं आहे. भांड्यात चार माणसांची दाळ आहे, बाबांच्या वाट्याला जेमतेम अर्धा चमचा येतो. त्या दिवशी वाटीभर तूप मी घातलं, जळकं मी घातलं, उलटी त्यानं झाली. कागद बरोबर होता. तुमची काट चुकली आहे. आता मी फोडणी देणार, आणि जबाबदारी माझी."

सहदेव कागदाकडं पाहत उभा राह्यला. आपल्याच लाल काटीवरून त्यानं बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "मिरची नाही ना?"

"नाई रे बाप्पा, नाई!"

मऊ शिजवून घोटून गाळलेली मुगाची दाळ बाजूले तयार होती. सुनेनं नवं तेल मोजून घेतलं, कढली ठेवली. मी म्हटलं, "घड्याळाकडं नाई, कढलीकडं पाहा. नाकानं पाहा." अन् एक काम मी केलं. म्हातारीनं झाकण मारलं होतं, वास कोंडून दाळीत मुराले. ते बरोबरच आहे. पण मी झाकण दूर सरकवलं, अन् रोग्याच्या खोलीचं दार, जे महिन्याच्या वर बंद होतं, ते सताड उघडलं.

सुनेनं एक दाणा टाकला. वर आला. जिरं टाकलं. फुललं. हिंगाची चिमूट टाकली. "उचल!" मी म्हटलं, पण तिनं माह्या आधीच उचललं होतं. कढली दाळीत कलंडली.

चर्र झालं.

वास उठला. तिळाच्या तेलाचा, जिऱ्याचा, हिंगाचा. ठसका नाई, धूर नाई. वलगावच्या आमच्या घरचा संध्याकाळचा वास. तो स्वयंपाकघरातून निघाला अन् त्या उघड्या दारातून आत गेला. आमी तिघं तिथंच उभे. मी मनातल्या मनात देवाले म्हणून राहिली होती, एक घास, फक्त एक घास.

आतून खाट करकरली.

मग आवाज आला. बारीक, घोगरा, तुटका. पण तोच.

"आलो वं... पाट मांड."

माह्या हातातून झारा पडला. मी पदर तोंडावर घेतला अन् मटकन खालीच बसली. ओरडून रडली, सांगाले लाज नाई. चाळीस वर्षांत हजारो वेळा ऐकलेलं ते बोलणं, अन् त्या दिवशी मले कळलं की त्या माणसानं मले दररोज काय इचारलं होतं.

माह्याकडून तर उठवेना. चारुशीला दाळ वाटीत काढून घेत होती. तवा सहदेव हलला. कोर्टाचा काळा कोट अंगावर तसाच. त्यानं कोपऱ्यातला पाट उचलला, बापाच्या खोलीत नेला, खाटेजवळ जमिनीवर मांडला, अन् हातानं पुसला. लहानपणी वलगावले हे काम त्याचंच होतं. मग त्यानं बापाले दोन्ही काखेतून धरून उठवलं अन् पाटावर टेकवलं, पाठीशी स्वतः बसला, बापानं रेलावं म्हणून.

बुढ्यानं दाळ-भाताचा पहिला घास घेतला. चावला. गिळला. मी दारातून पाहत होती. दुसरा घास घेतला. मग सुनेकडं पाह्यलं, अन् कपाळाले आठ्या घालून म्हणाले, "जिरं कमी आहे."

"उद्या वाढवते, बाबा," चारुशीला म्हणाली.

"वाढव," ते म्हणाले, अन् तिसऱ्या घासाले हात पुढं केला.